बँक, विमा की गुंतवणूक सल्ला: दहाव्या वर्षापर्यंतचा हिशेब

प्रश्न: मी २४ वर्षांची, एम.कॉम., साताऱ्यात राहते. आयबीपीएस पीओची मुख्य परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली. एका खासगी विमा कंपनीकडून सेल्स मॅनेजरची ऑफर आहे. मामा एलआयसीचे एजंट आहेत, ते म्हणतात माझ्याबरोबर ये. मैत्रीण म्हणते म्युच्युअल फंडाची परीक्षा दे आणि सल्लागार हो. बढती, पैसा आणि ताण तिन्हीकडे कसा वेगळा असतो?

उत्तर:

मी १५ वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते. त्यातली दोन वर्षं विभागीय कार्यालयात बसून शाखांमधून होणाऱ्या विमा विक्रीचं काम पाहिलं. २०१७ मध्ये राजीनामा दिला, काही वर्षं म्युच्युअल फंड वितरक होते आणि आता नाशिकमध्ये सेबीकडे नोंदणी केलेली गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करते. माझे धाकटे दीर विम्यात डेव्हलपमेंट ऑफिसर आहेत, त्यामुळे विम्याची मार्चअखेर आमच्या घरातही असते.

या तिन्ही वाटांची तुलना लोक पहिल्या पगारावरून करतात आणि तिथेच फसतात. पैसा कशाबद्दल मिळतो आणि कधी मिळतो, हे आधी पाहावं. बँक तुमच्या सहीबद्दल पैसे देते आणि ते दर महिन्याला देते. विमा ग्राहक आणल्याबद्दल पैसे देतो आणि त्यातले बरेचसे पहिल्याच वर्षी देतो. गुंतवणुकीच्या कामात ग्राहक तुमच्याकडे टिकून राहिल्याबद्दल पैसे मिळतात, म्हणून सुरुवातीला जवळजवळ काहीच मिळत नाही. बढती आणि ताण या दोन्ही गोष्टी यातूनच ठरतात.

बँकेपासून सुरुवात करते. सरकारी बँकेत अधिकाऱ्यांच्या पायऱ्या छापील आहेत. स्केल १ म्हणजे पीओ म्हणून लागतो तो अधिकारी आणि स्केल ७ म्हणजे जनरल मॅनेजर. मार्च २०२४ च्या वेतन करारानंतर स्केल १ चं मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून, स्केल २ चं ६४,८२० पासून आणि स्केल ३ चं ८५,९२० पासून सुरू होतं. त्यावर विशेष भत्ता, महागाई भत्ता आणि घरभाडं किंवा बँकेनं भाड्यानं घेऊन दिलेलं घर. एनपीएस या पेन्शन योजनेची आणि इतर कपात जाऊन नव्या पीओच्या हातात साधारण ६० हजारांच्या वर पडतात. स्केल १ मधून २ मध्ये जायला बँकेच्या नियमांनुसार तीन ते पाच वर्षं लागतात, पुढची पायरीही साधारण तशीच. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा दिल्या तर जादा वेतनवाढ मिळते, म्हणून त्या पहिल्या दोन वर्षांतच उरकाव्यात. नंतर शाखा अंगावर पडते आणि अभ्यास मागे राहतो.

बढतीची किंमत मात्र बदलीच्या रूपात द्यावी लागते. तीन वर्षांनी बदली, ग्रामीण शाखेत ठरावीक वर्षं आणि वर चढताना बऱ्याचदा राज्याबाहेर. माझ्या बॅचमधल्या कितीतरी हुशार मुलींनी स्केल २ किंवा ३ वर बढतीचा फॉर्म भरणंच थांबवलं, कारण मूल शाळेत होतं आणि बदली झारखंडला होणार होती. त्या कामात कमी नव्हत्या. बढतीच्या तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आता सहीचा ताण म्हणजे काय ते एका प्रसंगातून सांगते. २०११ मध्ये मी बाजारपेठेच्या एका गावात शाखा सांभाळत होते. हळदीच्या एका व्यापाऱ्याला ४० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मी मंजूर केली. अशा खात्यात व्यापारी दर महिन्याला मालाचं विवरण देतो. त्या मालाच्या किमतीतून उधारीचा माल आणि २५ टक्के मार्जिन वजा करून किती रक्कम उचलू द्यायची ते ठरतं. मी गोदाम पाहिलं, पोत्यांची थप्पी मोजली, सही केली. पुढच्या दोन रांगांत हळद होती, मागच्या पोत्यांत भुसा भरलेला होता. अकराव्या महिन्यात खातं थकीत झालं. मंजुरीपासून वर्षाच्या आत खातं बुडालं की बँकेच्या भाषेत ती ‘क्विक मॉर्टॅलिटी’ आणि मग मंजूर करणाऱ्याकडे खुलासा मागितला जातो.

खूण समोरच होती. त्यानं वर्षाची विक्री दोन कोटी सांगितली होती. आठ महिन्यांत आमच्या खात्यात जमा झाले होते जेमतेम ६० लाख. उरलेली विक्री एकतर दुसऱ्या बँकेतून फिरत होती किंवा झालीच नव्हती. गोदामात पोती मोजण्यापेक्षा खात्यातली जमा आणि सांगितलेली विक्री ताडून पाहिली असती, तर तिसऱ्याच महिन्यात कळलं असतं.

चौकशी १९ महिने चालली. त्या काळात मी बढतीची परीक्षा आणि मुलाखत दिली, पण निकाल बंद लिफाफ्यात राहिला. चौकशी चालू असली की तसंच करतात. शेवटी माझा हेतू स्वच्छ ठरला, लिफाफा उघडला, बढती मिळाली. पण त्या १९ महिन्यांत प्रत्येक कर्जाच्या फाइलवर सही करताना पेन थांबायचं. बँकेतला सगळ्यात खोल ताण हा आहे. टार्गेटचा ताण ३१ मार्चला संपतो. सहीचा ताण त्या शाखेतून बदली होऊन गेल्यावरही मागे येतो.

खासगी बँकेचं चित्र वेगळं. तिथे पायऱ्या छापील नसतात, वर्षाच्या मूल्यांकनावर चढता येतं आणि पाच वर्षांत सरकारी बँकेतल्या मैत्रिणीच्या पुढे जाता येतं. पण पदवीधरांची पहिली भरती बहुतेक विक्रीसाठी होते. बचत खाती, ठेवी, कार्ड आणि विमा विकायचा. नियुक्तीपत्रावर बँकेचं नाव असलं तरी काम आणि ताण विम्याच्या सेल्सचाच असतो, म्हणून ती नोकरी मी पुढच्या भागात धरते.

विम्यात तीन अगदी वेगळी कामं एकाच नावाखाली येतात. पहिलं, कंपनीच्या आतलं अधिकारी पद: एलआयसीचा एएओ म्हणजे सहायक प्रशासकीय अधिकारी किंवा न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्ससारख्या सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीतला प्रशासकीय अधिकारी. एएओच्या २०२५ च्या जाहिरातीत सुरुवातीचं मूळ वेतन ८८,६३५ रुपये होतं, म्हणजे बँक पीओपेक्षा बरंच वर. कामात दावे, जोखीम निवड, शाखा कारभार असतो. कर्जाच्या सहीसारखी मानेवरची तलवार तुलनेनं कमी. अडचण एवढीच की जागा कमी आणि भरती दरवर्षी निघेलच असं नाही. त्याच वर्षी आयबीपीएस पीओच्या जागा पाच हजारांच्या पुढे होत्या, तर एएओच्या सर्वसाधारण जागा ३५०. तुमचा पीओचा अभ्यास इथे बराचसा चालतो, म्हणून हा फॉर्म सोडू नका.

दुसरं काम तुम्हाला ऑफर आलेलं: सेल्स मॅनेजर. स्वतः पॉलिसी विकायची नाही, एजंट नेमायचे आणि त्यांच्याकडून विकून घ्यायचं. पगार ठरलेला असतो, पण तो टिकवायला महिन्याला ठरलेला प्रीमियम आणि ठरलेले नवे एजंट लागतात. पहिले दोन-तीन महिने मुलं मावशी, काका, कॉलेजचे मित्र यांना एजंट करून आकडा भरतात. त्या सगळ्यांनी एकेक पॉलिसी आपल्याच घरात केली की विहीर आटते. सहाव्या-सातव्या महिन्यात हातात काहीच राहत नाही आणि दर महिन्याच्या २५ तारखेला फोन सुरू होतात. इथे बढती खरी आहे आणि जलदही आहे. जो दोन वर्षं टिकला तो चौथ्या-पाचव्या वर्षी शाखाप्रमुख झालेला मी पाहिला आहे. पण प्रश्न टिकण्याचा आहे, आणि टिकणं तुमच्या मेहनतीइतकंच तुम्हाला मिळालेल्या एजंटांवर अवलंबून असतं.

मुलाखतीत ओळखायचं कसं? त्यांनी तुम्हाला ओळखीच्या शंभर जणांची यादी लिहायला सांगितली, तर ते तुमचं गणगोत विकत घेत आहेत. तुम्ही उलट तीन गोष्टी विचारा. या जागेवर आधी कोण होतं आणि किती महिने होतं? मला आधीपासून काम करणारे किती एजंट मिळणार? पगारातला किती भाग टार्गेटवर आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर बाकीच्या दोघांची गरज नाही.

तिसरं काम मामांचं, म्हणजे एजंटचं. हे नोकरी नाही, धंदा आहे, आणि तो समजायला थोडा हिशेब मांडावा लागेल. सोबत मैत्रिणीनं सुचवलेल्या कामाचाही मांडते, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतील.

म्युच्युअल फंड वितरक व्हायला एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची पाच-अ ही परीक्षा आणि मग अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेचा एआरएन हा नोंदणी क्रमांक लागतो. परीक्षा महिना-दीड महिन्याच्या अभ्यासात होते. ऑक्टोबर २०१८ पासून सेबीनं वितरकांना सुरुवातीलाच मिळणारं कमिशन बंद केलं. आता मिळतं ते फक्त ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात जितके दिवस आहेत तितक्या दिवसांचा, त्यांच्या चालू किमतीवरचा वाटा. इक्विटी योजनांत तो वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का असतो.

आता समजा, तुम्ही दरवर्षी ४० नवी कुटुंबं जोडता. दहा वर्षं, न थांबता. विम्यात प्रत्येक कुटुंब वर्षाला ३० हजारांचा प्रीमियम भरतं. फंडात प्रत्येक कुटुंब महिन्याला ५ हजारांची एसआयपी करतं, म्हणजे वर्षाला ६० हजार, विम्याच्या दुप्पट.

विम्याचं कमिशन पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५ टक्के धरू. प्रत्यक्षात दर योजनेप्रमाणे बदलतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षानंतरही पॉलिसी मोडणाऱ्याला पैसे परत देण्याचा नियम आल्यावर कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून काही भार पुढच्या वर्षांवर टाकला आहे. हिशेबाचा आकार मात्र हाच राहतो. फंडाचा ट्रेल ०.८ टक्का धरते.

पहिल्या वर्षी विम्यात १२ लाख प्रीमियम, त्यावर ३ लाख कमिशन. फंडात त्याच ४० कुटुंबांच्या एसआयपी वर्षभरात हळूहळू सुरू होतात, वर्षअखेरीस १३ लाख जमतात, पण वर्षभराची सरासरी ५ लाखच असते. ०.८ टक्क्यानं वर्षाचं उत्पन्न साधारण ४ हजार रुपये. महिन्याचं नव्हे, वर्षाचं. मी स्वतः वितरक झाले तेव्हा पहिल्या वर्षाचा आकडा घरी दाखवताना माझा हात थरथरला होता, आणि माझ्याकडे १५ वर्षांच्या ओळखी होत्या.

सहाव्या वर्षी काय होतं ते पाहा. दर वर्षीच्या १२ लाख प्रीमियमपैकी १० टक्के पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडल्या आणि बाकी चालू राहिल्या, तर जुन्या पॉलिसींवरचं कमिशन ३ लाख २४ हजार होतं. नव्या विक्रीचे ३ लाख त्यावर. म्हणजे सहाव्या वर्षी जुनं काम नव्या कामापेक्षा जास्त देऊ लागतं आणि एजंटला पहिल्यांदा श्वास घेता येतो. फंडात सहाव्या वर्षी सरासरी ३ कोटी ७० लाख जमलेले असतात आणि उत्पन्न ३ लाखांच्या आत. इथवर विमा दुपटीनं पुढे आहे.

दहाव्या वर्षी विम्याचं उत्पन्न ८ लाख ४० हजार. फंडाचं सुमारे ८ लाख ७० हजार. गाठलं. यात मी बाजाराची वाढ धरलेली नाही आणि बंद पडणाऱ्या एसआयपीही धरलेल्या नाहीत. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी घडतात. दहाव्या वर्षानंतर विम्याचं उत्पन्न दरवर्षी ५४ हजारांनी वाढतं, फंडाचं दोन लाखांच्या आसपास वाढत जातं. या दोन आकड्यांत दोन्ही धंद्यांचा स्वभाव आहे.

तुलनेला बँक ठेवा. दहाव्या वर्षी स्केल २ मध्ये मुरलेला किंवा स्केल ३ मध्ये पोचलेला अधिकारी महिन्याला लाख-सव्वा लाखाच्या घरात असतो. म्हणजे वर्षाला ४० कुटुंबं जोडणारा प्रामाणिक एजंट आणि तितकाच प्रामाणिक वितरक, दोघेही दहा वर्षांनंतर त्याच्या मागेच असतात, आणि त्यांना आपला प्रवास, फोन, ऑफिसचं भाडं स्वतःच्या खिशातून द्यायचं असतं. एजंट लाखो कमावतात असं ऐकायला येतं, ते खरंच आहे, पण ते वर्षाला ४० कुटुंबं करून होत नाही. मोठ्या प्रीमियमचे व्यापारी, डॉक्टर ग्राहक असतात किंवा हाताखाली माणसं असतात.

विम्याच्या हिशेबात एक आकडा मी सहज पुढे सरकवला, पण सगळा खेळ त्याच्यावर आहे. १० टक्के पॉलिसी बंद पडतील असं मी धरलं. त्याऐवजी ४० टक्के बंद पडल्या, तर सहाव्या वर्षी जुन्या कामाचं कमिशन ३ लाख २४ हजारांऐवजी २ लाख १६ हजार होतं. कंपन्या याला पर्सिस्टन्सी म्हणतात आणि ती १३ व्या महिन्याला, पुढे ६१ व्या महिन्यापर्यंत मोजतात. पॉलिसी बंद का पडते? बहुतेक वेळा ती कुटुंबाच्या ऐपतीपेक्षा मोठी विकलेली असते, किंवा ‘तीनच वर्षं भरा’ असं सांगून विकलेली असते. मार्चमध्ये आकडा भरायला केलेल्या पॉलिसी पुढच्या मार्चमध्ये मरतात. विभागीय कार्यालयात असताना मी हे तक्त्यात पाहिलं आहे. ज्या शाखांनी ३१ मार्चला पहिला नंबर काढला होता, त्यातल्या काही पुढच्या वर्षी नूतनीकरणात तळाला होत्या. आणि त्या पॉलिसी कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात घातलेल्या होत्या. ते तक्ते पाहिल्यावर माझं मन त्या कामातून उडालं. मी बँक सोडली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

म्हणून विम्यातला ताण दोन टोकांना असतो: महिनाअखेरीस नवं आणायचं आणि १३ व्या महिन्याला जुनं टिकवायचं. माझ्या दिरांच्या कामात याची तिसरी बाजू दिसते. डेव्हलपमेंट ऑफिसरचा स्वतःवरचा खर्च त्यानं आणलेल्या प्रीमियमच्या ठरावीक प्रमाणात बसावा लागतो. प्रमाण बिघडलं तर वेतनवाढ कापली जाते. पगारी नोकरी असून दरवर्षी ती नव्यानं कमवावी लागते. त्यांचा रक्तदाब फेब्रुवारीत वाढतो आणि एप्रिलमध्ये उतरतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

आता सल्लागार या शब्दाबद्दल. मैत्रीण ज्याला सल्लागार म्हणते आहे तो वितरक आहे, आणि वितरकाला स्वतःला सल्लागार म्हणवून घेता येत नाही. सल्लागार म्हणजे सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदणी केलेला, ग्राहकाकडून थेट शुल्क घेणारा आणि कुठल्याही कंपनीकडून कमिशन न घेणारा. डिसेंबर २०२४ मध्ये ही वाट बरीच सोपी झाली. आता पदवी पुरते, अनुभवाची अट गेली, भांडवलाच्या अटीऐवजी १५० ग्राहकांपर्यंत एक लाख रुपयांची ठेव ठेवावी लागते. एनआयएसएमच्या दहा-अ आणि दहा-ब या दोन परीक्षा मात्र आहेत. निश्चित शुल्क घ्यायचं तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार.

नियमानं दार उघडलं म्हणून २४ व्या वर्षी ग्राहक आत येतील असं नाही. वर्षाला १५ हजार शुल्क देणाऱ्या कुटुंबाला समोरच्या माणसानं निदान एक पडता बाजार पाहिलेला हवा असतो. माझी पहिली १२ कुटुंबं माझ्या बँकेतल्या जुन्या खातेदारांमधून आली. त्यांनी मला कर्ज नाकारताना पाहिलं होतं, म्हणून विश्वास ठेवला. ५०–६० कुटुंबं झाल्यावर उत्पन्न बँकेच्या पगाराशी जुळू लागतं, आणि एकटीनं नीट सांभाळायची मर्यादा मला १०० च्या आसपास वाटते, कारण प्रत्येक कुटुंबाचा करार, जोखीम क्षमतेची नोंद, दिलेल्या प्रत्येक सल्ल्याचं लेखी कारण आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षण हे सगळं ठेवावं लागतं. इथे पदोन्नती नावाची गोष्टच नाही. प्रगती म्हणजे ग्राहक तुम्हाला मुलाच्या शिक्षणाबद्दल विचारायचे ते आता वडिलांच्या मृत्युपत्राबद्दलही विचारू लागतात.

या कामातला ताण शांत असतो आणि मग एका दिवसात येतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंश, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. तेव्हा मी वितरक होते. त्या आठवड्यात मी रोज तीसेक फोन घेतले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते: तुमचे येत्या तीन वर्षांत लागणारे पैसे इक्विटीत नाहीत, आपण ते तसेच बसवले आहेत. ज्या चार ग्राहकांच्या बाबतीत मी तसं बसवलेलं नव्हतं, त्यांना हे सांगता येत नव्हतं, आणि झोप त्या चौघांमुळे गेली. वर ट्रेल बाजारभावावर असल्यामुळे काम तिप्पट झालं त्याच महिन्यांत उत्पन्न घटलं.

आता तुमच्याबद्दल. मुख्य परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली, म्हणजे तयारी आहे. वय २४ आहे आणि पीओसाठी मर्यादा ३० ची. मी तुमच्या जागी असते तर आणखी दोन फेऱ्या दिल्या असत्या: पीओ, एएओ आणि सर्वसाधारण विम्याचा अधिकारी, तिन्ही एकाच अभ्यासात. लिपिक परीक्षेची वयोमर्यादा २८ आहे, तीही द्या. लिपिकाचं मूळ वेतन २४,०५० पासून आहे, पण बढतीनं अधिकारी होता येतं आणि लिपिक असेपर्यंत राज्यातच राहता येतं. बदलीचा प्रश्न तुमच्या घरी मोठा असेल, तर लिपिक म्हणून लागणं हा कमीपणा नाही. माझ्या वेळी पेन्शनसाठी २० वर्षं सेवा लागायची आणि मी १५ व्या वर्षी राजीनामा देऊन ती गमावली. २०१० नंतर लागलेल्यांना एनपीएस आहे, ते सोबत नेता येतं. म्हणजे बँकेत आठ-दहा वर्षं काढून, कर्ज आणि माणसं ओळखायला शिकून, मग सल्लागार होणं तुम्हाला माझ्यापेक्षा स्वस्त पडेल. फक्त नोकरीत असताना स्वतःच्या नावावर एजन्सी किंवा एआरएन घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

सेल्स मॅनेजरची ऑफर मी सोडली असती. त्या नोकरीत अभ्यासाला वेळ उरत नाही, आणि वर्षाच्या आत सुटली तर तोपर्यंत तुमचे नातेवाईक मात्र पॉलिसीधारक होऊन बसलेले असतात.

मामांच्या बाबतीत मत देण्याआधी त्यांच्याकडून एक कागद मागा: गेल्या वर्षाचं कमिशनचं विवरणपत्र. त्यात पहिल्या वर्षाचं कमिशन आणि नूतनीकरणाचं कमिशन वेगळं दिसतं. ते २० वर्षं काम करत असतील आणि नूतनीकरणाचा भाग नव्याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर त्यांचे ग्राहक टिकलेले आहेत, आणि अशा माणसाच्या हाताखाली अभ्यासाच्या या दोन वर्षांत आठवड्याचे दोन दिवस बसणं फार मोलाचं आहे: दाव्याचे कागद कसे लावतात, पॉलिसी का बंद पडतात, कुटुंबाला किती प्रीमियम झेपतो, हे तिथे शिकाल. नूतनीकरणाचा भाग लहान असेल, तर मामा दरवर्षी शून्यातून सुरुवात करत आहेत, आणि त्यांना सोबत हवी आहे ती नव्या ओळखींसाठी. त्यांना न दुखावता तो कागद कसा मागायचा ते तुम्हाला जास्त माहीत. मी माझ्या दिरांकडे प्राप्तिकराचं विवरण भरून देते म्हणून मागितला होता.